देवाच्या मनात असलं तर

मडमबाईंनी लाकडावर बोटं वाजवली की त्र्यंबकरावांच्या कपाळाला आठी पडायची. खाटेचा पाय असो, स्टूल असो की औषधाच्या कपाटाचं दार, जे लाकूड हाताशी येईल त्यावर बाई टकटक करायच्या आणि म्हणायच्या, "टच वुड." रोग्याचा ताप उतरला, टच वुड. जखम भरत आली, टच वुड. आणि खाटेभोवती जमलेली सारी माणसं घाबरून त्र्यंबकरावांच्या तोंडाकडे बघायची.

चिखलीच्या त्या मिशन दवाखान्यात मी कंपाउंडर होतो. महाराष्ट्र राज्य होऊन एक-दोन वर्षं झाली होती. कचेऱ्यांवरच्या पाट्या मराठीत होत होत्या, पण आमच्या दवाखान्याची भाषा इंग्रजीच राहिली, कारण दवाखाना मडमबाईंचा होता आणि बाईंना मराठी येत नव्हतं. त्या विलायतेच्या. वय साठीच्या घरात, हाताला विलक्षण यश, आणि बोलण्यात पावलोपावली देव. त्यांचं बोलणं वऱ्हाडी माणसाच्या कानापर्यंत पोचवायचं काम त्र्यंबकरावांकडे होतं. ते दवाखान्याचे दुभाषे. माणसं त्यांना तिरमकभाऊ म्हणत.

ते मूळचे वडनेर भोलजीचे. नागपूरला कॉलेजात शिकलेले, इंग्रजी बोलण्याचा अभिमान असलेले. काळी टोपी, इस्त्रीचा कोट आणि कोटाच्या खिशात लवंगांची डबी. बोलण्याआधी एक लवंग दाढेखाली जायची. मी एकदा विचारलं तर म्हणाले, "कंपाउंडर, मानूस तापानं फनफनून राह्यला अस्ते. त्याच्या तोंडापाशी जाऊन बोलायचं, तं आपल्या तोंडाले वास नको." मला वाटतं, हे निमित्त होतं. लवंग फुटेपर्यंत त्यांना विचार करायला वेळ मिळायचा.

त्यांच्या आधी या जागेवर एक नवशिका होता. इंग्रजी चांगलं, अक्षर सुंदर, अक्कल बेताची. एकदा एका म्हाताऱ्याचा ताप उतरला आणि बाईंनी नेहमीप्रमाणे खाटेवर टकटक केली. या शहाण्यानं सरळ भाषांतर केलं : "ताप गेला. आता लाकडाला हात लावा." म्हाताऱ्याच्या बायकोनं जो टाहो फोडला तो मी माझ्या खोलीत ऐकला. आपल्याकडे आजारी माणसापाशी लाकडं कशाला काढतात हे काय सांगायला हवं? थोरला मुलगा उठला आणि लाकडांची चौकशी करायला थेट बाजारात गेला. म्हातारा खाटेवर बसून दूध-भाकरी खात होता आणि बाहेर त्याच्या सरणाची तयारी चालली होती. त्या आठवड्यात त्र्यंबकराव नोकरीवर आले.

त्यांनी पहिल्याच दिवशी ते लाकूड मोडीत काढलं. बाई टकटक करून सरकल्या की हे रोग्याच्या उशाशी उकिडवे बसत, आईकडे वळत आणि म्हणत, "ताप उतरला हो माय. कोनाची नजर नको लागो पोराले." आणि वर सांगत, "मोडा बोटं." आई पोराच्या चेहऱ्यावरून हात फिरवून स्वतःच्या कानशिलांवर कडाकडा बोटं मोडायची. बाईंनी लाकडावर जे केलं तेच आईनं कानशिलावर केलं. पलीकडच्या खाटेवर बागवानाची बायको असली तर तिथं सांगणं वेगळं : "माशाअल्ला, बुखार उतर गया. अल्ला नजर से बचाए." बाई चकित व्हायच्या. मी दोन शब्द बोलले, तुम्ही इतकं काय सांगितलंत, असं विचारायच्या. त्र्यंबकराव अदबीनं इंग्रजीत उत्तर द्यायचे की तेच सांगितलं, फक्त इथल्या लाकडावर.

मला मात्र ते निराळं ऐकवायचे. "शब्द काय, गाढवबी वाहून नेते. मडम म्हनते टच वुड, तवा तिच्या मनात काय अस्ते? आपन चांगलं बोललो, आता त्याले कोनाची दृष्ट नको. मंग आपल्या मायच्या मनात तेच कोन्या शब्दानं येते, ते पाहायचं."

बोलतानाची त्यांची एक सवय सांगायला हवी, कारण पुढचं सारं तिच्यावरच आहे. ते कधी बाईंकडे बघून भाषांतर करत नसत. बाईंचं वाक्य कानानं घेत आणि डोळे रोग्याच्या माणसांवर ठेवत. कुणाचा ओठ थरथरला, कुणी पदर तोंडाशी नेला, कुणी मान फिरवली, हे बघून शब्द निवडत. हीच त्यांची करामत होती आणि मी तिचं कौतुक करत होतो.

बायकांच्या बांगड्यांचा प्रश्न तर नेहमीचा. ऑपरेशनआधी हातातलं सारं काढून ठेवावं लागे आणि घट्ट बसलेल्या काचेच्या बांगड्या फोडल्याशिवाय निघत नसत. बाई म्हणायच्या, फोडा. हे शब्द सवाष्णीच्या कानावर पडले असते तर ती खाटेवरून उठून चालू लागली असती आणि तिचं काही चुकलं नसतं. त्र्यंबकराव सांगायचे, "बाई, बांगड्या वाढवाव्या लागतीन. हिरवा दोरा बांधतो मनगटाले, घरी जाताना नव्या भरा." दोऱ्याचं रीळ त्यांनी स्वतः आणून नर्सच्या टेबलावर ठेवलं होतं. ती बाई मुकाट्यानं हात पुढे करायची.

शिंकेचा किस्सा मी पुष्कळांना सांगितला आहे. एका शेतकऱ्याच्या बायकोला पोटाच्या ऑपरेशनसाठी स्ट्रेचरवर घेतलं होतं. उंबरठ्यापाशी आलो आणि नर्स सटकन शिंकली. बाई आतून म्हणाल्या, "ब्लेस यू!" आणि रोग्याच्या भावानं स्ट्रेचर तिथंच खाली ठेवलं.

"नाही जमत," तो म्हणाला. "शिंक झाली. आज नाही."

आत भुलीची तयारी झालेली, बाई हात धुऊन उभ्या. त्र्यंबकरावांनी लवंग चावली.

"आयकलं का, मडम काय बोलली? शिंक झाली की तिच्या मुलखात असंच म्हनतात, देव तुझं भलं करो. आपन लेकराले शतायुषी हो म्हनतो का नाही? तसंच. तिनं तिचा तोडगा केला."

"तिचा तिनं केला. आमचा?"

"आपला आपन करू. बसा खाली सारे. पानी प्या घोटघोट. मंग नव्यानं निंगू."

सगळे व्हरांड्यात बसले. तांब्या फिरला. पण भूल देण्याआधी रोग्याच्या पोटात पाणी जाता कामा नये, म्हणून त्र्यंबकरावांनी तिच्या फक्त डोळ्यांना पाणी लावलं आणि म्हणाले, "तुयं झालं बाई." मग भावानं स्वतः स्ट्रेचर उचललं. आत बाई रागानं लाल झाल्या होत्या. त्र्यंबकरावांनी त्यांना इंग्रजीत सांगितलं की, मॅडम, आमचं ब्लेस यू जरा लांब असतं. बाई हसल्या. ऑपरेशन चांगलं झालं आणि त्या बाईची सासू पुढे त्र्यंबकरावांसाठी दरवर्षी वाळवण घेऊन यायची.

मडमबाईंनी स्वतः मराठी शिकायचा प्रयत्न केला नाही असं नाही. कुणीतरी त्यांना "पुन्हा या" शिकवलं. बरा होऊन निघालेल्या प्रत्येकाला बाई फाटकापर्यंत जाऊन प्रेमानं म्हणायला लागल्या, "पुन्हा या हां." माणसांचे चेहरे उतरायचे. दवाखान्यातून निघताना असं बोलतात का? घरून निघालेल्यानं "जातो" म्हणू नये, "येतो" म्हणावं, हे खरं. पण दवाखान्याच्या फाटकात ते सारं उलटं होतं. त्र्यंबकरावांनी बाईंना तिथं "सुखी राहा" म्हणायला शिकवलं. ते त्या इतक्या गोड म्हणायच्या की माणसं वाकून नमस्कार करायची.

आता बाईंचा तिसरा शब्द. गॉड विलिंग. बाईंच्या तोंडी तो टच वुडपेक्षाही जास्त. उद्या टाके काढू, गॉड विलिंग. पुढच्या आठवड्यात चालायला लागेल, गॉड विलिंग. मुसलमान रोग्यांच्या बाबतीत त्र्यंबकरावांना काहीच करावं लागत नसे. "इन्शाअल्ला" म्हटलं की झालं. ऐकणाऱ्याच्या तोंडावर उलट धीर यायचा, कारण तो रोज बाजाराला जाण्याबद्दलही इन्शाअल्लाच म्हणतो. पण आपल्या कुणबी-माळ्याच्या घरात डॉक्टरनं देवाचं नाव काढलं की अर्थ एकच. "आता देवाच्या मनात असलं तर" हे वैद्य नाडी सोडून उठताना म्हणतो. "सारं त्याच्या हाती" म्हणजे माझ्या हाती काही उरलं नाही. हे कळलं की माणसं औषध बंद करतात, गाडी जुंपतात आणि माणूस घरी नेतात, स्वतःच्या उंबऱ्याच्या आत जीव जावा म्हणून.

म्हणून त्र्यंबकरावांनी गॉड विलिंगला कायमचं एक रूप देऊन टाकलं होतं : "देवाच्या कृपेनं बरा होईन." कृपेनं म्हटलं की देव आपल्या बाजूला येतो. शेकडो खाटांपाशी मी हे वाक्य त्यांच्या तोंडून ऐकलं आणि माणसं त्या वाक्यावर जेवायला उठलेली पाहिली. मला तेव्हा वाटायचं, औषधाच्या बाटल्या मी भरतो, पण गुण यांच्या वाक्याला येतो.

मग अनसूया आली. डोणगावची. पहिलं बाळंतपण, बाळ दगावलेलं, आणि बाळंतज्वर अंगभर पसरलेला. सोबत सासू. नवरा किसन खामगावला कापसाच्या जिनिंगमध्ये कामावर होता. बाईंनी जे होतं ते सगळं दिलं. दुसऱ्या दिवशी दुपारी सासूनं त्र्यंबकरावांना विचारलं, "तिरमकभाऊ, मडमले इचारा ना, हिच्या नवऱ्याले बोलावून घेऊ का?"

त्यांनी विचारलं. बाई खाटेपाशी उभ्या होत्या. अनसूयेचा हात त्यांच्या हातात होता. त्यांनी चष्मा काढला, थोडा वेळ खिडकीबाहेर बघितलं आणि म्हणाल्या, ती यातून निघेल, गॉड विलिंग.

हे मी पाहिलं, कारण मी औषध घेऊन समोर उभा होतो. त्र्यंबकराव मात्र नेहमीप्रमाणे सासूच्या समोर उकिडवे बसले होते आणि त्यांची पाठ बाईंकडे होती. त्यांनी लवंग चावली आणि म्हणाले, "देवाच्या कृपेनं बरी होईन माय. घोर नको करू."

"मंग कायले बोलावू त्याले," सासू म्हणाली. "नवीन लागला कामाले."

अनसूया त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी गेली. किसन आला तेव्हा तिला गावी नेऊन सगळं उरकलं होतं.

तो चिखलीला आला तो बाजाराच्या दिवशी. काळासावळा, शांत मुलगा. ओरडला नाही की भांडला नाही. व्हरांड्यात त्र्यंबकरावांसमोर उभा राहून म्हणाला, "भाऊ, मडम काय बोलली होती? तिचे शब्द सांगा."

बाईंचा तेव्हाचा चेहरा मी नंतर त्र्यंबकरावांना सांगितला होता. तरी त्यांना खोटं बोलता आलं असतं. त्यांनी इंग्रजी वाक्य जसंच्या तसं म्हटलं आणि मग त्याचा शब्दाला शब्द लावला. "देवाच्या मनात असलं तर."

"म्हंजे तिले मालूम होतं?"

"हो."

"मंग मायले कृपा कोनं सांगतली?"

"म्यां."

किसन म्हणाला, "एक डाव तोंड पाह्यलं असतं, एवढंच." आणि गेला. पण त्यानं त्याचं समाधान होईना. पुढच्या बाजारी पुन्हा आला, त्याच्या पुढच्याही. दर वेळी तोच प्रश्न, मडम काय बोलली होती. जणू एखाद्या वेळी उत्तर बदलेल. त्र्यंबकराव दर वेळी ते वाक्य म्हणत. मी म्हटलं, याला आता सांगू नका, तर म्हणाले, "त्याचं हाये ते. म्यां ठेवून घेतलं होतं."

मडमबाईंनी त्यांना दोष दिला नाही. बाई म्हणाल्या, मीच स्पष्ट बोलायला हवं होतं. पण त्या काय बोलणार? त्यांना स्वतःलाही नक्की ठाऊक नव्हतं. त्यांच्या भाषेत तो शब्द दोन्हीकडे चालत होता. सवयीचा असला तर नुसता शिष्टाचार, आणि मनापासूनचा असला तर प्रार्थना. कोणता कोणता, हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळायचं. आणि चेहऱ्याकडे बघायचं त्र्यंबकरावांनी सोडून दिलं होतं.

किसन तिसऱ्यांदा येऊन गेला आणि त्यांनी ठरवलं, आता जसंच्या तसं सांगायचं. आपली अक्कल मधे घालायची नाही, बाई जे म्हणतील ते शब्दाला शब्द. मला ते पटलं होतं. आता वाटतं, तेव्हाच त्यांना घरी पाठवायला हवं होतं. धसका घेतलेला माणूस होता तो. एका बाजूनं पोळल्यावर दुसऱ्या बाजूला किती सरकावं हे त्याला कळत नव्हतं.

सुभद्रा दहा-बारा वर्षांची होती. चिखलीपासून बैलगाडीनं अर्ध्या दिवसाच्या वाटेवर एका भाजीपाला करणाऱ्या माळ्याची मुलगी. मुदतीच्या तापानं आली तेव्हा ओळखू येत नव्हती. नवं औषध लागू पडलं, ताप उतरायला लागला, पोर हसायला लागली. पण या तापात आतडी नाजूक झालेली असतात. हलवायचं नाही, जड खायला द्यायचं नाही, नुसतं पडून राहायचं. बापाचं नाव पंढरी. मळ्यातून गाडी आली की तो टोपलीभर काहीबाही नर्सना वाटायचा.

त्या सकाळी बाई घाईत होत्या. वार्डातून चालता चालता सुभद्रेच्या गालाला हात लावला आणि पुढे सरकताना म्हणाल्या, छान आहे, दिवाळीला घरी, गॉड विलिंग.

त्र्यंबकराव पंढरीसमोर उभे राहिले. आताशा ते उकिडवे बसत नसत. लवंगही घेतली नाही. तसं ठरवल्यावर गॉड विलिंग त्यांच्यापुढे पहिल्यांदाच आलं होतं. सरळ म्हणाले, "देवाच्या मनात असलं तर दिवाळीपर्यंत घरी जाईन."

पंढरीनं हात जोडले. आम्ही पुढच्या खाटेकडे गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी खाट रिकामी होती. चादर नीट घडी करून ठेवलेली आणि उशाशी कोथिंबिरीची जुडी, नर्ससाठी. फाटकावरच्या माणसानं सांगितलं, रात्रीच गाडी आली होती, पोरीला गोधडीत घालून नेलं.

बाईंच्या तोंडचा रंग उडाला. त्यांना ऑपरेशन टाकून येता येईना, म्हणून मी आणि त्र्यंबकरावांनी दवाखान्याची जीप काढली. त्र्यंबकराव पुढे बसले होते. तो रस्ता मला अजून आठवतो, कारण प्रत्येक खड्ड्यात मला बैलगाडीचं चाक दिसत होतं.

घर माणसांनी भरलं होतं. सोयरे आले होते, आत्या आली होती. सुभद्रेला दारापाशी जमिनीवर घोंगडीवर घेतलं होतं आणि कुणी तिच्या ओठांत तुळशीचं पान ठेवलं होतं. पोट फुगलेलं, चेहरा मातीसारखा. हाताला नाडी लागत नव्हती. मी कंपाउंडर होतो, डॉक्टर नव्हे, पण मला कळलं. वाटेच्या हिसक्यांनी आतडं फुटलं होतं. पोर वेदनेनं कण्हत होती आणि साऱ्या घरानं तेच तिचं ठरलेलं मरण मानलं होतं.

त्र्यंबकराव दारातच ओरडले, "पंढरी, काऊन आनली रे तिले? बरी होऊन राह्यली होती ती! मडम म्हने दिवाळीले घरी जाईन!"

पंढरीनं वर पाहिलं. त्याच्या नजरेत राग नव्हता. समजूत घालावी तसा तो म्हणाला, "तिरमकभाऊ, तुमीच तं म्हनलं, देवाच्या मनात असलं तं. लोकं सांगतात, तुमी आजलोक असं कोनाले नाही म्हनलं. सगळ्यायले कृपेनं म्हनता. माह्या पोरीले नाही म्हनलं. मी समजलो."

 दुसऱ्या कुणाच्या तोंडून ते वाक्य आलं असतं तर कदाचित पंढरी थांबला असता, आणखी कुणाला विचारलं असतं. पण त्र्यंबकरावांनी वर्षानुवर्षं जी भाषा पेरली होती तीत त्या वाक्याला एकच अर्थ उरला होता. शब्दाला शब्द बरोबर होता आणि पोर त्यानं मेली. चुकीच्या शब्दानं अनसूया नवऱ्याला न भेटता गेली. मग बरोबर काय होतं? मी हा प्रश्न पुष्कळ वर्षं वागवला आहे आणि मला उत्तर सापडलेलं नाही. मला त्या देवाचाही राग येतो, ज्याच्या मनात काय आहे ते कुठल्याच भाषेत धड सांगता येत नाही.

सुभद्रा दुपारी गेली. पंढरीनं आम्हाला पाणी दिलं, गूळ दिला. निघताना त्याची बायको त्र्यंबकरावांच्या पाया पडली, कारण त्यांनी पंढरीला वेळेवर सांगितलं होतं आणि पोर घरी आली होती. पोर परक्या जागी गेली नाही, हे त्यांचे उपकार. ते पाय मागे घेऊ शकले नाहीत. 

त्यानंतर त्यांनी काही महिने काढले, पण त्यात राम नव्हता. बाईंच्या वाक्यात देव आला की ते तो गाळून टाकायला लागले. टच वुड नाही, ब्लेस यू नाही, काही नाही. नुसतं औषध, वेळ आणि पथ्य. रोगी कुरकुरायचे, मडम आताशी फार कोरडी बोलते म्हणून. एकदा एका आईनं स्वतःच म्हटलं, "भाऊ, नजर नको लागो म्हना ना." ते उठून बाहेर निघून गेले. पुढे त्यांनी नोकरी सोडली. बाईंनी थांबवायचा प्रयत्न केला. नंतर बाईही मायदेशी परत गेल्या, दवाखाना लहान झाला आणि मी मेहकरला स्वतःचं औषधाचं दुकान टाकलं. त्र्यंबकराव चिखलीतच एका अडत्याकडे बसतात असं कानावर होतं. भेट नव्हती.

भेट झाली ती शेवटचीच. माझ्या बायकोला बुलढाण्याला दवाखान्यात ठेवलं होतं. तिचे कपडे आणायला मी मेहकरला निघालो होतो आणि चिखलीच्या एस.टी. स्टँडवर गाडी बदलायची होती. बाकावर ते बसले होते. टोपी होती, कोट नव्हता. ओळखायला त्यांना क्षणभर लागला.

मी सगळं सांगितलं. डॉक्टर आपलेच, तरुण, मराठी. पण त्यांनीही शेवटी इंग्रजीतच म्हटलं होतं : वुई आर ट्रायिंग, गॉड विलिंग.

हे सांगताना मी काय मागत होतो ते मला ठाऊक होतं. मला ते जुनं वाक्य हवं होतं. कृपेनं बऱ्या होतील म्हणा, एवढंच. खरं असो की खोटं. आयुष्यभर लोकांना फुकट वाटलंत, एकदा मला द्या.

त्यांनी विचारलं, "डॉक्टर उभे होते का चालून राह्यले होते?"

"उभे होते."

"तुमच्याकडे पाहात होते?"

"नाही," मी म्हणालो. "तिच्याकडेही नाही. चार्ट हातात होता, पण तोही वाचत नव्हते."

 मेहकरची गाडी लागली, कंडक्टर हाका मारायला लागला. मी पिशवी उचलली तेव्हा त्यांनी माझा हात धरला. त्यांचा आवाज साधा होता.

"देवाचं जाऊ द्या, कंपाउंडर. पोरं कुठी असतात तुमची?"

"एक नागपूरला, एक पुण्याला."

"त्याह्यले बोलावून घ्या. आजच."

गाडी सुटली. मी तिच्यात नव्हतो. त्र्यंबकरावांनी माझी पिशवी घेतली आणि आम्ही दोघं तारघराकडे चालू लागलो.